यादीतल्या अटी वरच्या ओळीशी जुळल्याच पाहिजेत का?

खोडरबर: वाचनालयाच्या नियमांचा मसुदा केलाय. त्यावर एकाने शेरा मारला की कलमं वरच्या ओळीशी जुळत नाहीत. अर्थ कळतोय ना? मग हे व्याकरणाचे चोचले कशाला? तुम्हीच बघा:

एखाद्या सदस्याने –
(अ) तीन महिन्यांची वर्गणी थकवली असेल;
(आ) पुस्तक हरवून भरपाई दिली नसेल;
(इ) सलग सहा महिने गैरहजर असेल;
(ई) गैरवर्तन;
तर त्याचे सदस्यत्व रद्द होईल.

तळटीप: चोचले? बाकीच्या तीन ओळी हाताने झाका आणि (इ) मोठ्याने वाचा. 'एखाद्या सदस्याने सलग सहा महिने गैरहजर असेल तर'. असं कोण बोलतं? 'थकवली', 'दिली' यांना 'सदस्याने' चालतं, 'गैरहजर असेल'ला नुसता 'सदस्य' लागतो, आणि तुम्ही तो 'ने' वर एकदाच ठोकून दिलात म्हणून खाली येणारं प्रत्येक क्रियापद त्याच साच्यातलं लागणार, जे मराठीत फार वेळ जमत नाही. हे एक वेळ कानालाच खटकेल, पण (ई)चं काय? 'सदस्याने गैरवर्तन तर'. केलं असेल? केल्याची तक्रार असेल? का सिद्ध झालं असेल? तिथे क्रियापद नाही म्हणजे नियमच नाही. आणि चारांत कुठेही 'किंवा' नाही, म्हणजे चारही गुन्हे केल्याशिवाय सदस्यत्व जात नाही असं कोणी म्हटलं तर काय उत्तर देणार?

उपाय सोपा आहे, सदस्याला वरच्या ओळीतून बाहेर काढा:

पुढीलपैकी कोणतीही एक गोष्ट घडली असेल तर सदस्यत्व रद्द होईल:
(अ) सदस्याने तीन महिन्यांची वर्गणी थकवली आहे.
(आ) सदस्याने हरवलेल्या पुस्तकाची भरपाई दिलेली नाही.
(इ) सदस्य सलग सहा महिने गैरहजर आहे.
(ई) सदस्याने गैरवर्तन केल्याचे समितीच्या चौकशीत सिद्ध झाले आहे.

सुटसुटीत: चार वेळा सदस्य सदस्य! वाचणाऱ्याला झोप येईल. 'पुढील कारणांवरून' लिहा आणि खाली सगळं 'णे'मध्ये टाका: वर्गणी थकवणे, भरपाई न देणे, गैरहजर राहणे, गैरवर्तन करणे. 'ने'ची कटकटच मिटली.

तळटीप: मिटली खरी, तेवढं मानतो. पण 'थकवणे' म्हणजे कधी? गेल्या वर्षी थकवली आणि नंतर भरली, त्याचंही जाणार का? 'थकवली आहे' म्हटलं की आज बाकी आहे हे कळतं. शिवाय तुमच्या घाईत तीन महिने आणि सहा महिने दोन्ही उडाले.

सुटसुटीत: ते घालता येतात हो, 'सलग सहा महिने गैरहजर राहणे'. उगाच खोट काढायची.

वैतागलेली: माझं ऐका जरा. मी राहायचे तिथल्या नियमात होतं, 'रहिवाशाच्या नावावर (अ) थकबाकी, (आ) दंड आणि (इ) लेखी तक्रार नसेल तर अनामत परत मिळेल'. माझ्या नावावर फक्त एक जुना दंड, बाकी दोन नाहीत. मी म्हटलं तिन्ही एकत्र असतील तरच अडवा, 'आणि' लिहिलंय ना. ते म्हणाले एक असला तरी पुरे. पैसे गेले!

तळटीप: हाच वाद अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलाय, पल्सिफर खटला, 2024. शिक्षेत सवलत कुणाला मिळेल याची यादी होती, वर 'आरोपीकडे नाही', खाली पूर्वीच्या गुन्ह्यांचे तीन प्रकार आणि मध्ये 'आणि'. सहा विरुद्ध तीन मतांनी ठरलं की वरचं 'नाही' प्रत्येक कलमाला वेगळं लागतं, म्हणजे तिघांतलं एक असलं तरी सवलत नाही.

खोडरबर: वा! म्हणजे तिथे यादी एकदम जुळलेली होती, तिन्ही कलमं वरच्या ओळीशी नीट वाचली जात होती, तरी न्यायाधीशांत फूट पडली. मग तुमच्या जुळवाजुळवीचा उपयोग काय झाला, पंडितजी?

तळटीप: पंडितजी नको. जुळल्याने सगळं सुटतं असं मी कुठे म्हटलं? न जुळलेली यादी वाचताच येत नाही, जुळलेली निदान वाचता येते, मग दोन अर्थ निघतात का ते दिसतं. अनामतीच्या नियमात शेवटी एकदाच आलेला नकार काढून प्रत्येक कलमात ठेवायचा: थकबाकी नाही, दंड झालेला नाही, तक्रार नाही. आणि वर 'पुढील तिन्ही गोष्टी खऱ्या असतील तर'. भांडण संपलं.

सुटसुटीत: म्हणजे पुन्हा तीनदा 'नाही नाही नाही'. तुम्हाला पाणी घालून वाढवायची हौसच आहे.

तळटीप: तीन शब्द वाढले हो! सुप्रीम कोर्टापेक्षा स्वस्तच पडतात.

खोडरबर: बरं, (ई) बदलतो. (इ) तसाच ठेवणार, आमच्या सदस्यांना कळतं.

वैतागलेली: पण ते कोर्ट तर त्यांच्याच बाजूचं निघालं की! मग माझ्या अनामतीचं काय?