‘उत्तराची घाई नाही’ म्हटल्यावर उत्तर टळते का?

हिंजवडीतील कर्मचारी : शेजारच्या टेबलावरील, वयाने मोठ्या सहकारी बाईंचे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले असून त्या अद्याप रुग्णालयात आहेत. मी लिहिले आहे, पण पाठवलेले नाही : ‘ताई, लवकर बरे व्हा, तुमच्याविना कामे अडली आहेत, तब्येत कशी आहे ते कळवा, उत्तराची घाई नाही.’ सूर हलका हवा आणि त्यांच्यावर उत्तराचे ओझे पडू नये. काय बदलावे?

सदाशिव पेठेतील गृहस्थ : ‘व्हा’ ही आज्ञा झाली, आणि बरे होणे काही आजाऱ्याच्या हातात नसते. विध्यर्थ वापरून ‘बरे वाटो’ म्हणावे.

कोथरूडच्या निवृत्त शिक्षिका : सुचवलेले रूप चांगले आहे, पण त्याचे नाव चुकले. ‘देव भले करो’मधला ‘करो’ जसा आज्ञार्थाचाच, आशीर्वाद सांगणारा, तसाच ‘वाटो’. विध्यर्थ ‘वाटावे’ असा होईल. शिवाय बाईंना ‘बरे व्हा’ कसे चालेल? ‘बऱ्या व्हा’ हवे. छापील कार्डांनी आपला कान बिघडवला आहे. ‘तुम्हाला बरे वाटो’ म्हटले की लिंगाचा प्रश्नच उरत नाही. खरी अडचण मात्र ‘कळवा’ची आहे. ते ठेवून पुढे ‘घाई नाही’ म्हटले, तर उत्तर हवेच आहे, फक्त उशिरा चालेल, एवढाच अर्थ होतो.

सिंहगड रस्त्यावरील वाचक : अगदी खरे. मी रुग्णालयात असताना असे अकरा निरोप आले होते आणि घरी आल्यावर अकरांना उत्तरे लिहीत बसलो. ‘कामे अडली आहेत’ वाचून तर लॅपटॉप मागवला होता. विनोदही बेतानेच करावा, कारण पोटाच्या ऑपरेशननंतर मोठ्याने हसले की टाके ओढले जातात.

सदाशिव पेठेतील गृहस्थ : मग ‘उत्तर अपेक्षित नाही’ असे स्पष्ट लिहावे.

निवृत्त शिक्षिका : ते परिपत्रकातले वाटते. तब्येतीचा प्रश्न आणि ‘कळवा’ काढून निरोप एखाद्या बातमीवर संपवला, की उत्तराला जागाच राहत नाही.

कर्वेनगरच्या वाचक : आमच्याकडे ‘दुखण्याला उतार पडो’ म्हणतात. ते का नको?

निवृत्त शिक्षिका : मला ‘उतार’ तापाला शोभतो असे वाटते, ऑपरेशनला तितकासा नाही, मात्र यावर मी हटून बसणार नाही.

हिंजवडीतील कर्मचारी : आता असे पाठवले आहे : ‘ताई, ऑपरेशन झाल्याचे कळले. तुम्हाला लवकर बरे वाटो. तुमच्या कुंडीला मी रोज पाणी घालते आहे, आणि कँटीनच्या चहात अजूनही आले सापडलेले नाही. हे नुसते वाचून फोन बाजूला ठेवा.’ शेवटचे वाक्य पुन्हा आज्ञार्थीच झाले, पण ते काढवेना.

सदाशिव पेठेतील गृहस्थ : ते राहू द्या. ‘नुसते’ मात्र मला अजून खटकते.