रात्रपाळीत तीन ते पाच: तुम्ही काय ऐकता? (अनुभव धागा)

पर्वतीपायथा

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात मेडिसिन वॉर्डला स्टाफ नर्स आहे. नाइट रात्री आठ ते सकाळी आठ. बारा-एकपर्यंत झोप आठवतही नाही. दहाची इंजेक्शनं, एखादं नवं अ‍ॅडमिशन, नातेवाइकांचे प्रश्न यातच वेळ जातो. दोनचा राउंड झाला की वॉर्ड गप्प होतो. मग सहाची सॅम्पल्स, शुगर आणि युरोबॅगा मोजायला सुरुवात होईपर्यंतचा वेळ अंगावर येतो. तीन ते पाच तर विचारूच नका. फाइल उघडी, हातात पेन, आणि अक्षर आपोआप तिरकं व्हायला लागतं.

मी स्टेशनवर फोन उपडा ठेवते आणि अगदी बारीक आवाजात गाणी लावते. गझल लावून पाहिली, दुसऱ्या शेरालाच मान खाली. भजनी ठेक्यातलं काहीही चालतं, पाय हलत राहतो. लावणीनेही जाग येते, पण मावशी हसायला लागतात.

तर लिहा: काय ऐकता, कसं ऐकता, कधी बंद करता? चहा मी पितेच, तो सल्ला नको.

तीनताल

मी नर्स नाही, पण गाण्यातला थोडाफार आहे म्हणून लिहितो. आपल्याकडे रागांना वेळ दिली आहे ती उगीच नाही. रात्रीच्या शेवटच्या प्रहराला ललित, सोहनी, भटियार ऐका. शरीर त्या वेळी त्याच स्वरांना प्रतिसाद देतं असं मानतात. पूर्वी सवाई गंधर्व महोत्सवात माणसं पहाटेपर्यंत ताठ बसायची, ती काय चहाच्या जोरावर? दरबारीने तर बीपी उतरतं असं म्हणतात. रात्री पेशंटांनाही ऐकवायला हरकत नाही.

आयसीयूवाली

तीनताल, सवाईला माणसं जागायची कारण आजूबाजूला हजारो जण जागे असायचे, मध्येच उठून बटाटेवडा खाता यायचा, आणि डुलकी लागली तर कुणाचं सलाइन संपणार नव्हतं. दरबारीच्या बीपीचं तुम्हीच बघा. आमच्याकडे बीपी उतरलं की आम्ही घाबरतो, आनंद होत नाही. 😀

तुमच्या यादीतलं अर्धं मात्र पटलं. ललितचा विलंबित आलाप मी चार वाजता लावून पाहिला आहे. एकतालाचं एक आवर्तन मिनिटभर चालतं, समेची वाट बघता बघता डोळे मिटतात. सोहनी उलट. तो राग वरच्या सप्तकातच खेळतो, बंदिशी छोट्या आणि बहुतेक द्रुत, त्यामुळे कान टवकारलेले राहतात. म्हणजे राग पहाटेचा असून भागत नाही, लय आणि जागा बघावी लागते. त्या वेळी शरीराचं तापमानच सगळ्यात खाली असतं, थंडी वाजते ती नुसत्या एसीने नाही. त्यावर आणखी संथ काही ओतलं तर झोपच येणार.

माझा स्वतःचा नियम असा की बसून ऐकायचं नाही. पोझिशन बदलणं, ट्रॉली लावणं, क्रॅश कार्ट तपासणं अशी उभ्याची कामं मी मुद्दाम साडेतीननंतर ठेवते आणि तेव्हाच गाणं. आणि जे गाणं चारला लावायचं ते दिवसा ऐकायचं नाही. रोजचं झालं की त्याचा उपयोग संपतो.

ब्रदर_कात्रज

मस्त धागा! मी एका कानात इअरफोन घालतो, दुसरा मोकळा. आमच्याकडे केरळच्या सिस्टर बऱ्याच आहेत, त्यांच्यामुळे मल्याळम गाण्यांची सवय लागली. शब्द कळत नाहीत, म्हणून लक्ष जात नाही आणि काम मस्त होतं. मराठी गाणं लागलं की मी मनात पुढची ओळ म्हणायला लागतो आणि चार्टवर पल्सच्या रकान्यात भलतंच लिहायला जातो. तुम्हाला असं होतं का?

वांगीभात

थोडं वेगळं लिहिते, चालेल ना? गेल्या पावसाळ्यात सासरे अ‍ॅडमिट होते, मी रात्री खाली चटई टाकून झोपायचे. एक सिस्टर पहाटे चारच्या सुमारास हळू हरिपाठ म्हणायच्या, काम करता करता. सासरे वारकरी, त्यांना इतकं बरं वाटायचं की ते ओठ हलवत सोबत म्हणायचे. पण शेजारच्या कॉटवरच्या काकांनी दुसऱ्याच दिवशी तक्रार केली, म्हणाले मला वाटलं कोणी गेलं की काय. त्यानंतर सिस्टर गप्प. मला दोघांचंही पटलं. तेव्हा आवाज कुणाकुणाला ऐकू जातो तेही बघा हं.

निवृत्त_इन्चार्ज

आमच्या काळी मोबाइल नव्हते आणि ट्रान्झिस्टर सापडला तर मेट्रनबाई कपाटात ठेवायच्या. म्हणून आम्ही म्हणायचो. ऐकण्यापेक्षा म्हणणं केव्हाही बरं. गुणगुणायला श्वास लागतो, पुढचा शब्द आठवावा लागतो, मग झोप येईल कशी? बॅक केअर करताना माझा एका पेशंटमागे एक अभंग ठरलेला. पाठ पुसून, पावडर लावून, चादर ताणून होईपर्यंत अभंग संपायचा. लवकर संपला तर समजायचं की आपण घाई केली.

इअरफोनला माझा विरोध आहे, एका कानातला असला तरी. कात्रजच्या ब्रदरना माझा प्रश्न: कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजींनी बेल न वाजवता नुसतं कण्हलं, तर ते मोकळ्या कानाला ऐकू येतं का?

ब्रदर_कात्रज

मॅडम, ऐकू येतं. पण कोणत्या बाजूने आलं ते कधीकधी कळत नाही, हे मान्य. दोन कान असले की दिशा लगेच कळते. तरी स्पीकरला आमच्याकडे परवानगी नाही, करणार काय?

आयसीयूवाली

निवृत्त मॅडमशी शंभर टक्के सहमत. आयसीयूत तर इअरफोनचा विषयच नाही, कारण तिथे खोलीच गात असते. पल्स ऑक्सिमीटरचा आवाज चालू असेल तर नीट ऐका: प्रत्येक ठोक्याला एक टिक, आणि ऑक्सिजन उतरला की त्या टिकेचा सूरही उतरतो. अठ्ठ्याण्णवचा सूर कानात बसला की नव्वदीकडे घसरण सुरू झाल्याचं पाठ फिरवूनही कळतं, अलार्म वाजायच्या आधी. एक-दोन टक्क्यांचा फरक मला तरी कळत नाही, पण ओळीने खाली येणारा सूर कळतो. आणि सूर नुसता खाली न जाता अडखळायला लागला तर आधी बोट बघा. प्रोब सरकलेला असतो, किंवा हात गार पडल्यामुळे मशीनला नाडी नीट मिळत नसते.

म्हणून मी गाणं लावलंच तर त्यात सतत वरच्या पट्टीतली सनई किंवा बासरी नको, असं बघते. तबला, पखवाज, माणसाचा आवाज चालतो. बारीक एकसुरी वाद्य टिकेवर बसतं आणि मग दोन्ही ऐकू येत नाहीत.

ब्रदर, मल्याळमचं अर्धंच खरं आहे. चादरी बदलताना ठीक. पण आकडे मनात धरायचे असतील तर न कळणारी भाषाही मध्ये घुसते, मी अनुभवलं आहे. आकड्यांच्या वेळी गाणं बंद, भाषा कोणतीही असो.

उदाहरण देते. साठ किलोचा पेशंट, नॉरअ‍ॅड किलोमागे मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅमने चालू. आमच्याकडे पन्नास मिलीत चार मिलिग्रॅम, म्हणजे एका मिलीत ऐंशी मायक्रोग्रॅम. पेशंटला मिनिटाला सहा, तासाला तीनशे साठ मायक्रोग्रॅम लागतात, म्हणून पंपावर ४.५ मिली. पन्नास मिली त्या वेगाने अकरा तास पुरतं. संध्याकाळच्या स्टाफने पाचला सिरिंज लावली असेल तर ती संपणार पहाटे चारला, म्हणजे नेमकी आपण सगळ्यात मंद असतो तेव्हा. पंप संपत आल्याचा इशारा देतो, पण तेव्हा औषध भरायला घेतलं तर उशीर झालेला असतो. मध्ये खंड पडला तर बीपी काही मिनिटांत खाली येतं.

म्हणून मी नाइटला आल्या आल्या प्रत्येक सिरिंज किती वाजता संपणार ते पट्टीवर लिहिते. साडेतीनला गाणं बंद. दुसऱ्या सिस्टरला उभं करून हिशेब मोठ्याने म्हणायचा, नवी सिरिंज भरायची, लेबल लावायचं, दुसरा पंप असेल तर त्यावर तयार ठेवायची. बदलून झाल्यावर दहा मिनिटं बीपीवर नजर. मग पुन्हा गाणं. डायल्यूशन प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, माझे आकडे उचलू नका, आपापल्या युनिटचा चार्ट बघा.

पर्वतीपायथा

वेळ पट्टीवर लिहायची युक्ती आजपासूनच. आमच्या वॉर्डात नॉरअ‍ॅड नसतं, पण इन्सुलिनचा पंप कधीकधी असतो.

झोपाळू_कोथरूड

झोपेसाठी मला बासरी फार आवडते. रात्री अकराला लावली की दहा मिनिटांत गाढ. नक्की करून पहा.

पर्वतीपायथा

अहो, आम्हाला जागायचं आहे! पण बासरी सकाळी घरी पोचल्यावर लावून बघते. खाली शाळेच्या रिक्षा, भंगारवाला, शेजारचा मिक्सर, त्यात नऊला झोपायचं असतं.

निवृत्त_इन्चार्ज

आणि तुझा शेवटचा चहा कितीला असतो? चारला पिऊन नऊला झोपायचं म्हटलं तर अर्धा चहा अंगात जागाच असतो. तीननंतर गरम पाणी. तू म्हणाली होतीस सल्ला नको, तरी दिला. आणि ब्रेकची सोय असेल तर वीस मिनिटं पाठ टेक, खरी झोप आली की गाणंबिणं कामाचं नाही. उठल्यावर लगेच इंजेक्शन भरायला मात्र जाऊ नको, आधी तोंड धू, एक चक्कर मार.

तीनताल

दरबारीचा मुद्दा मी सोडलेला नाही. पण आयसीयूवाली, मध्यलयीतल्या सोहनीची एक यादी करून देतो, सनई-बासरी वगळून. पखवाजावर ध्रुपद चालेल का? आलाप कापून थेट चौतालापासून?

आयसीयूवाली

चालेल, चौताल तर पळेल. आलाप खरंच कापा.

ब्रदर_कात्रज

एक राहिलं. आमच्या युनिटला रात्री टिकेचा आवाज बंद करून ठेवतात, पेशंटांची झोप मोडते म्हणून. फक्त अलार्म चालू. मग उतरणारा सूर ऐकायचा कसा?

आयसीयूवाली

तिथे माझंही चालत नाही. ज्याचा ऑक्सिजन नुकताच कमी केला आहे, त्या एका बेडपुरती टिक सगळ्यात बारीक करून चालू ठेवा, असं मी आमच्या इन्चार्जना सुचवलं होतं. रात्रीच्या दोन आरएमओंपैकी एकाला पटलं, दुसऱ्याने येता येता बंद केली. तुमच्याकडे विचारून बघा आणि काय झालं ते इथे लिहा.