‘वार सुटली’ आणि ‘वार पडली’ : एकच की दोन?

दुपारपाळी
मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते. बहुतेकींचं शालेय शिक्षण मराठीतून झालंय, आणि प्रसूतीचा धडा मात्र इंग्रजीत, लांबलचक. तो मी पायऱ्यापायऱ्यांनी मराठीत मांडतेय. एका चौकटीत काय करायचं ते, शेजारच्या लाल चौकटीत डॉक्टरांना कधी हाक मारायची ते. कळा सुरू झाल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंतचं नीट जमलं, पण तिसऱ्या अवस्थेत अडले.

पुस्तकात वार गर्भाशयापासून वेगळी होणं ही एक गोष्ट आणि ती बाहेर येणं ही दुसरी. आमच्या जुन्या नोट्समध्ये दोन्हींना ‘वार पडणे’च म्हटलंय. मागच्या चाचणीत एका मुलीने लिहिलं, ‘नाळ ओढावी, म्हणजे वार पडते.’ तिला गुण देता येईनात आणि तिचं चुकलं असंही म्हणवेना, कारण नोट्समध्ये मधली पायरीच नव्हती. पहिल्यासाठी ‘सुटणे’ आणि दुसऱ्यासाठी ‘पडणे’ असं लिहिलं तर चालेल का?

मोडीवाचक
‘वार’ हा बोलीतला शब्द आहे, पुस्तकी शब्द ‘अपरा’. ‘अपरा विलग होणे’ आणि ‘अपरा बाहेर पडणे’ असं लिहा, म्हणजे प्रश्नच मिटला. शिवाय वार पडला म्हणजे घाव पडला, असाही अर्थ होतो. आणि आमच्याकडे तर नाळेलाच वार म्हणतात, तो गोंधळ वेगळाच.

लेबररूम२२
बावीस वर्षं लेबर रूममध्ये आहे. घाव पडतो तो ‘वार’ पुल्लिंगी आणि ही ‘वार’ स्त्रीलिंगी. ‘वार पडली का?’ असं विचारल्यावर आजवर कोणी गोंधळलेलं मी पाहिलं नाही. ‘अपरा’ परीक्षेच्या पेपरात ठेवा, पण रात्री तीन वाजता सिस्टर सिस्टरला ‘अपरा विलग झाली का’ असं विचारत नाही. नाळेबद्दल मात्र काकांचं निरीक्षण बरोबर आहे, पुष्कळ घरांत दोन्हींना एकच नाव असतं. म्हणून तुमच्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहा : नाळ म्हणजे दोरी, वार म्हणजे गर्भाशयाला चिकटलेला मांसल गोळा. ओढली जाते ती दोरी, आणि ताण बसतो तो गोळ्यावर.

‘सुटणे’ हा शब्द मला अगदी योग्य वाटतो. सुटल्याच्या खुणा दिसतात आणि हाताला लागतात : बाहेर दिसणारी नाळ लांबते, एकदम थोडं रक्त येतं, पोटावर हात ठेवला तर गर्भाशय वर सरकून गोल आणि कडक लागतं. ते पडण्याच्या आधीचं. गर्भाशय सैल असताना आणि वार चिकटलेली असताना नाळ ओढली, तर नाळ तुटते, नाहीतर गर्भाशयच आतून उलटं होऊन खाली येतं. हे दुसरं मी एकदाच पाहिलंय. बाई पाहता पाहता पांढरी पडली होती.

गोठ्यातून
आमच्याकडे गाईला ‘जार पडणे’ म्हणतात. जार आठ-दहा तासांत पडते, बारा तास झाले तरी पडली नाही तर आम्ही डॉक्टरांना बोलावतो. पूर्वी लोंबणाऱ्या जारेला वजन बांधायचे. मग बाईच्या बाबतीत एवढी घाई का?

लेबररूम२२
दादा, गाईची गोष्ट वेगळी आहे. बाईची वार अर्ध्या तासात आली नाही की ती ‘अडकली’ असं धरतात, आणि रक्त जास्त जात असेल तर अर्धा तासही थांबायचं नाही. वजन बांधणं म्हणजे न सुटलेली वार ओढणं, ते गाईलाही घातकच. पण तुमच्यामुळे एक शब्द नक्की झाला. दुपारपाळी, लाल चौकटीत ‘वार अडकली : ३० मिनिटे’ असं लिहा.

पहिलंवर्ष
मॅडम, एक विचारू? म्हणजे आधी सुटल्याच्या सगळ्या खुणा दिसू द्यायच्या आणि मगच नाळेला हात लावायचा का? आम्हाला वॉर्डात इंजेक्शन आधी द्यायला सांगतात.

दुपारपाळी
चांगलं विचारलंस. मीही तिथेच घोटाळले होते. आता चौकटी अशा लावल्यात :

बाळ बाहेर → पोट चाचपून दुसरं बाळ नाही ना ते पाहा → एका मिनिटात ऑक्सिटोसिन १० युनिट दंडात किंवा मांडीत → गर्भाशय आवळण्याची वाट पाहा → आवळलं, की एका हाताने ओटीपोटावरून गर्भाशय वर धरून दुसऱ्या हाताने नाळ हळू ताणा → वार पडली → वार पूर्ण आहे का ते पाहा.

इंजेक्शनमुळे गर्भाशय आवळतं आणि आवळल्यामुळे वार सुटते. त्यामुळे सगळ्या खुणा मोजत बसायचं नाही, पण सैल गर्भाशयावर नाळ ताणायचीही नाही. तीस-चाळीस सेकंदांत वार खाली सरकली नाही, तर ताण सोडून पुढच्या कळेची वाट पाहायची. आणि हे नेहमी शिकवणाऱ्या सिस्टरच्या देखरेखीखाली.

लेबररूम२२
बरोबर. पण ‘वार पूर्ण आहे का’ इथे तुमचा बाण थांबला. माझ्या मते खरी लाल चौकट त्याच्या पुढे हवी, आणि तिथेही शब्दच आडवा येतो. बाळ रडलं की बाहेर नातेवाईक म्हणतात, ‘सुटली बाई’. ‘सुटका झाली’, ‘मोकळी झाली’ हे शब्द इतके आपलेसे आहेत, की आपणही सैलावतो.

एका रात्रीचं सांगते. दुसरं बाळंतपण, बाळ २ वाजून ४० मिनिटांनी, वार २ वाजून ५० ला, पूर्ण. नोंद झाली, सगळे पुढच्या बाईकडे वळले. ३ वाजून २० ला मी फिरताना नाडी घेतली. आधी ८४ होती, आता ११२. बीपी ११०/७०, म्हणजे अगदी ठीक. बीपी पाहून निघाले असते तर फसले असते, कारण रक्त जाऊ लागलं की नाडी आधी वाढते, बीपी बऱ्याच उशिरा उतरतं. पोटावर हात ठेवला, तर गर्भाशय बेंबीच्या वर, उजवीकडे ढकललेलं आणि पिठाच्या गोळ्यासारखं मऊ. नवा पॅड पाच मिनिटांत भिजला. डॉक्टरांना हाक मारली, गर्भाशय चोळत राहिले, सलाईनमधून ऑक्सिटोसिन सुरू झालं आणि नळी घालून लघवी काढली. मूत्राशय तुडुंब होतं, गर्भाशयाला आवळायला जागाच नव्हती. थोड्या वेळाने ते हाताखाली कडक झालं आणि रक्त थांबलं.

गर्भाशय कडक असूनही लाल रक्ताची धार चालू असती, तर मी फाटलं कुठे ते शोधलं असतं. हा फाटा तुमच्या आकृतीत हवाच : मऊ की कडक?

मोडीवाचक
हे वाचून ‘अपरा’चा आग्रह सोडतो. पण एक शंका राहते. ‘वार सुटली’ आणि ‘बाई सुटली’ हे एकाच कागदावर आलं तर?

दुपारपाळी
म्हणून ‘बाई सुटली’ आकृतीतून काढतेय. बाळानंतरच्या बाणावर ‘बाळ बाहेर’ एवढंच असेल. वार पडल्यावर चौथी अवस्था, दोन तास, दर पंधरा मिनिटांनी नाडी, बीपी, गर्भाशय, पॅड आणि मूत्राशय. मोठ्या भागांना ‘अवस्था’ आणि आतल्या कामांना ‘पायरी’ म्हणतेय. आधी दोन्हींना ‘टप्पा’ होतं आणि मुली तिसरा टप्पा म्हणजे तिसरी पायरी समजायच्या.

‘धोक्याची लक्षणे’ की ‘खुणा’, हे मात्र अजून ठरत नाहीये. घाबरंघुबरं वाटतंय असं बाई स्वतः सांगते, मऊ गर्भाशय आपल्या हाताला लागतं.

पहिलंवर्ष
मॅडम, आम्हाला ‘खुणा’ लगेच समजतं.

लेबररूम२२
मी ‘लक्षणे’ ठेवीन. रेफरलच्या चिठ्ठीवर डॉक्टर तेच लिहितात, मुलींना तोच शब्द वाचायचा आहे.