उत्तर: ११ संघ, दोन दिवस, फुटबॉल

> "११ संघ आहेत, मैदान दोन दिवसच मिळणार. बाद पद्धत घ्यावी की साखळी? बाय किती द्यायचे?"

पूर्ण साखळीत ५५ सामने होतात, ते दोन दिवसांत बसणार नाहीत. बाद पद्धतीत १० सामने पुरतात. ११ च्या पुढची दोनाची घात १६, म्हणून बाय ५ आणि पहिल्या फेरीत ३ सामने. पण किमान चार संघ एकच सामना खेळून घरी जातात. शाळेच्या मुलांसाठी मला हे पटत नाही.

मी ४, ४ आणि ३ असे गट करीन. गटांचे १५ सामने, मग उपांत्य आणि अंतिम मिळून एकूण १८. तिन्ही गटविजेते आणि सर्वोत्तम उपविजेता पुढे जातील. खरी गोम इथेच आहे: तीनच्या गटातला उपविजेता दोनच सामने खेळलेला असतो. म्हणून चारच्या गटांतल्या उपविजेत्यांचा तळाच्या संघाविरुद्धचा सामना वगळूनच तुलना करा.

बरोबरी सोडवताना आधी आपसातले सामने बघा. समजा समान गुणांच्या तिघांत 'अ'ने 'ब'ला ३-० हरवलं, 'ब'ने 'क'ला १-० आणि 'क'ने 'अ'ला १-०. तिघांचे गुण सारखेच, पण आपसातला गोलफरक अ +२, क ०, ब -२. तोच क्रम लागतो. एकूण गोलफरक आधी धरला तर दुबळ्या संघावर गोलांचा पाऊस पाडला जातो. तरीही सुटलं नाही तर चिठ्ठी, पण हा क्रम पहिल्या सामन्याआधी लेखी द्या.