मदत हवी आहे: एआय विक्रेत्याशी करार करण्याआधी काय विचारावं?

आमची छोटी फर्म आहे. पुरवठादारांची बिलं वाचून हिशेबात नोंदवणारी एआय सेवा घ्यायचं चाललंय. विक्रेता म्हणतो, अचूकता ९८ टक्के. पण कशाची? एका बिलात तारीख, रक्कम, कर अशा १० नोंदी असतील आणि प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे ९८ टक्के बरोबर येत असेल, तर पूर्ण बिनचूक बिलं १०० पैकी साधारण ८२च निघतात. उरलेली १८ कोणती, हे सांगता आलं नाही तर सगळीच पुन्हा तपासावी लागणार! म्हणून आमचीच जुनी बिलं, त्यातली पुसट आणि हातानं लिहिलेलीही, देऊन चाचणी मागितली आहे. शंका असलेली नोंद सिस्टीम स्वतःहून वेगळी दाखवते का, हेही त्यात बघू. याशिवाय काय तपासावं?

डेटाबद्दल: आमच्या बिलांवर त्यांचं मॉडेल शिकवणार नाही, असं ते तोंडी म्हणतात. करारात ते कसं लिहून घेता? त्यांच्यामागे दुसऱ्याच कंपनीचं मॉडेल असेल तर तिलाही ते बंधन लागू होतं का?

ही सेवा सोडताना मूळ बिलं परत मिळतील, पण आमच्या लोकांनी केलेल्या दुरुस्त्या आणि कोणता खर्च कुठल्या खात्यात जातो ते नियम सीएसव्हीमध्ये मिळतील का, यावर उत्तर गुळमुळीत आहे. खरी मेहनत तर तिथेच असते. बॅकअपमधला डेटा किती दिवसांत पुसायचा, याची मुदत कुणी करारात घातली आहे का? शब्दरचना असेल तर कृपया द्या.