मदत हवी आहे: चहा-कॉफीचा काय-स्क्वेअर, हाताने एक उत्तर आणि R मध्ये दुसरं

मंडळी, बीएस्सीच्या मुलांसाठी काय-स्क्वेअर चाचणीच्या स्लाइड्स करतेय. उदाहरण आमच्याच कँटीनमधलं: २० शिक्षक आणि २० विद्यार्थ्यांना विचारलं, चहा की कॉफी? शिक्षकांपैकी १६ चहावाले, ४ कॉफीवाले. विद्यार्थी मात्र १०-१०.

अपेक्षित संख्येची स्लाइड जमली आहे. ४० पैकी २६ जण चहावाले, म्हणजे आवडीचा गटाशी संबंध नसता तर प्रत्येक गटात १३ चहावाले आणि ७ कॉफीवाले दिसले असते. चारही खान्यांत फरक ३ चाच. त्याचा वर्ग ९, तो अपेक्षित संख्येने भागून बेरीज केली की ३.९६ येतं. मुक्तता मात्रा १, ५% पातळीला सीमा ३.८४. म्हणजे संबंध आहे, असं मी लिहूनही टाकलं!

मग पडताळ्यासाठी हे चालवलं:

```
chisq.test(matrix(c(16,10,4,10), 2))
```

उत्तर २.७५, पी ०.०९७. निष्कर्षच उलटा. शोधल्यावर कळलं की २×२ तक्त्याला R आपणहून येट्सची दुरुस्ती लावतं, फरक ३ ऐवजी २.५ धरतं. `correct = FALSE` दिलं की ३.९६ परत येतं.

आता प्रश्न असा: अपेक्षित संख्या सगळ्या ५ च्या वर आहेत, मग दुरुस्ती लावावी का? वर्गात दोन्ही उत्तरं दाखवावीत, की सरळ जास्त लोकांना विचारून यावं? शिकवणाऱ्यांनी तुम्ही काय करता ते सांगा. तास गुरुवारी आहे.