मदत हवी आहे: इनडिझाइनमध्ये मराठी माहितीपत्रकाच्या ओळी फाटतायत

तीन घड्यांचं माहितीपत्रक आहे. कॉलम ५५ मिमी, युनिकोड फाँट ११ पॉइंट, दोन्ही कडा समान. कंपोझर `Adobe World-Ready Paragraph Composer`, भाषा मराठी.

मजकूर पीडीएफमधून आल्यामुळे ओळींच्या शेवटी शिफ्ट-एंटर होते आणि दोन-तीन शब्दांच्या ओळीही कडेपर्यंत ताणल्या जात होत्या. `^n` च्या जागी स्पेस टाकून, मग दुहेरी स्पेस काढून ते निस्तरलं.

अडलंय पुढे. हायफनेशन चालू ठेवलं तर 'व्यवस्थाप-नासाठी' असं कुठेही तुटतं. बंद केलं तर लांब शब्द अख्खा खाली जातो आणि वरच्या ओळीत खिंडारं पडतात. शब्दांतली जागा ८०/१००/१३३ वरून ७५/१००/१२० केली, फरक किरकोळ. अक्षरांतली जागा शून्यच ठेवलीय, कारण वाढवली की शिरोरेषा तुटते. डावीकडून सरळ लावणं ग्राहकाला मान्य नाही, मजकूरही बदलता येत नाही.

आता हायफनेशन बंद ठेवून प्रत्ययाआधी हायफन न दिसणारी तोड टाकायचा विचार आहे. ग्रेपमध्ये शोध आणि बदल असे:

```
(?<=\S)(साठी|मार्फत|पर्यंत)
~k$1
```

हायफनशिवाय तुटलेला 'साठी' छापील मजकुरात खटकतो का? आणि या `~k` मुळे पीडीएफमधला शब्दशोध बिघडल्याचा कुणाला अनुभव आहे का?